‘वाटतं’ वगळून

ऑफिसात तिला सगळे संपादकबाई म्हणायचे. त्यात थट्टा किती आणि मान किती, हे म्हणणाऱ्यावर अवलंबून असायचं. आठ वर्षं तिने एका दैनिकाच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्या कापण्यात घालवली होती. दैनिक बंद पडलं तेव्हा ती या संस्थेत आली आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांनी तिच्या गळ्यात एक काम मारलं, ज्याला दुसरं कुणी हात लावायला तयार नव्हतं. मावशीचे मेसेज वाचायचे आणि त्यांचा देणगीदारांसाठी अहवाल करायचा.

संस्था जन्मापासून कमी ऐकू येणाऱ्या लहान मुलांना कानाची मशीनं द्यायची. बेचाळीस मुलं, वय दोन ते सहा. मशीन देऊन मोकळं होता येत नाही, कारण मूल ते कानातून उपटून फेकतं, चावतं, पाण्यात बुडवतं. कान वाढतो तसा त्यातला साचा सैल होतो आणि मशीन शिट्टी वाजवायला लागतं. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक घरी कुणीतरी जाऊन बघावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मावशी. पन्नाशी उलटलेली, पायांत बारमाही कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी, आणि वस्तीतल्या प्रत्येक घरात कोण कुणावर रुसलंय हे पाठ.

मावशी मेसेज लिहायची ते स्टॉपवर बस येईपर्यंत, एका दमात. पूर्णविराम हा प्रकार तिला ठाऊकच नव्हता. ‘आज पाच घरं केली आधी शिंप्याकडे ठमीच्या कानात मशीन होतं तिच्या आत्याचं लग्न ठरलंय घरात नुसती गडबड आई म्हणाली बसा पण बसले नाही मग ड्रायव्हरकडे तो धाकटा झोपलेला मशीन डब्यात होतं बायको बरी नाही तिची कंबर धरलीय वाटतं मग पुढे’ असं ते चालायचं, बस येईपर्यंत. बस लवकर आली की मेसेज मध्येच तुटायचा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी उगवायचा. ऑफिसच्या ग्रुपवर मावशी सोडून तेरा जण होते. त्यांतल्या बारा जणांनी ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला होता, साहेबांनी सगळ्यात आधी.

संपादकबाईला मात्र या कामाची गोडी लागली. दर शुक्रवारी ती मेसेज समोर घेऊन बसायची आणि तक्ता भरायची. तारीख, मुलाचा क्रमांक, भेट झाली का, मशीन कानात होतं का, शिट्टीची तक्रार आहे का, काय केलं. आत्याचं लग्न गेलं, कंबर गेली, चहा गेला. तीन महिन्यांनी या तक्त्यातून आकडे निघायचे, आकड्यांवरून आलेख आणि आलेखाखाली तिची स्वच्छ, नेटकी चार वाक्यं. साहेब म्हणायचे की तुमच्या हातात जादू आहे बाई, चिखलातून मूर्ती काढता. ती वरवर नको नको म्हणायची आणि घरी जाऊन नवऱ्याला ते जसंच्या तसं सांगायची.

एक नियम तिने डेस्कवरून सोबत आणला होता. तिथला वृत्तसंपादक लाल पेन घेऊन बसायचा आणि बातमीत ‘वाटतं’ दिसलं की अख्खं वाक्य उडवायचा. तुम्हाला काय वाटतं ते आईला सांगा, वाचकाला काय झालं ते सांगा, असं तो म्हणायचा. तो नियम तिच्या अंगात भिनला होता. अहवालात अंदाजाला जागा नाही. जे मावशीने डोळ्यांनी पाहिलं ते तक्त्यात, जे मावशीला वाटलं ते बाहेर. आणि मावशीला फार वाटायचं. तिच्या दर तिसऱ्या वाक्याच्या शेपटीला ‘वाटतं’ असायचं.

त्या वर्षीचा तिसरा तिमाही अहवाल तर दृष्ट लागण्यासारखा झाला. ठरलेल्या एकशे सव्वीस भेटींपैकी एकशे एकवीस झाल्या. बेचाळीसपैकी अडतीस मुलं सलग तिन्ही भेटींत मशीन लावलेली आढळली, म्हणजे नव्वद टक्के. शिट्टीच्या तक्रारी सतरावरून तीनवर आल्या. ‘साचे वेळेवर बदलल्याने तक्रारींत लक्षणीय घट’ असं तिने आलेखाखाली लिहिलं होतं. उतरत्या रेषेला हिरवा रंग दिला होता.

पंधरा दिवसांनी संस्थेला पैसा देणाऱ्या निधीकडून पत्र आलं. अहवाल वाचून समाधान वाटलं. कुटुंबांनी मशीन अंगवळणी पाडून घेतलं आहे, हेच आपलं उद्दिष्ट होतं. आता या मुलांच्या घरभेटी वर्षअखेरीस थांबवाव्यात आणि तो पैसा दुसऱ्या वस्तीतल्या नव्या मुलांकडे वळवावा, असा विचार आहे. पुढच्या गुरुवारी फोनवर बोलून नक्की करू. तोवर एखाद्या मुलाची एक पानी यशोगाथा पाठवता आली तर छान.

साहेबांना आकाश ठेंगणं झालं. नवी वस्ती म्हणजे पैशाची आणखी तीन वर्षं. त्यांनी यशोगाथेसाठी शिंप्याची ठमी सुचवली, कारण ती फोटोत चांगली येते.

सोमवारी सकाळी संपादकबाईने ग्रुप उघडला आणि फक्त ठमीचे मेसेज शोधून ते एकाखाली एक कागदावर उतरवायला घेतले. हे तिने आजवर कधी केलं नव्हतं. आजवर ती आठवड्याचे मेसेज वाचायची, त्यात बेचाळीसांतली दहा-अकरा मुलं, प्रत्येकाच्या वाट्याला एक ओळ. एका मुलाचं वर्ष सलग असं तिने पाहिलंच नव्हतं.

सुरुवातीचे महिने गोड होते. ठमीने मशीन फेकलं. ठमीने मशीन तासभर ठेवलं. ठमी दाराची कडी वाजली की वळून बघते. ठमी ‘आई’ म्हणाली, ‘दे’ म्हणाली, ‘नको’ म्हणाली, ‘नको’ फारच म्हणते. संपादकबाई लिहिता लिहिता हसली. मग सात महिन्यांपूर्वीचा मेसेज आला.

‘ठमीच्या कानात मशीन होतं मी मुठीत धरून बघितलं आवाज नाही आला सेल गेलाय वाटतं पिशवीत पाकीट नव्हतं ऑफिसला कळवते सांगितलंय आईला’

तिने तक्त्यातली ती ओळ काढली. भेट झाली: हो. मशीन कानात: हो. शिट्टी: नाही.

पुढच्या महिन्याचा मेसेज. ‘ठमीने मशीन लावलेलं सेल नाही अजून सेलची पाकिटं संपलीत वाटतं ऑफिसात बघाल का कुणी’. तक्त्यात हो, हो, नाही. त्याच्या पुढचा. ‘मी येणार म्हणून आई मशीन लावून ठेवते वाटतं रिकामंच असतं पोरीला काय समजतंय’. हो, हो, नाही. त्याच्या पुढचा, पाच ओळी लग्नाच्या आणि शेवटी ‘ठमी बोलत होती ते कमी झालंय वाटतं आई म्हणत नाही हाताने ओढते’.

सगळं तिथे होतं. मावशीने एकही गोष्ट सांगायची ठेवली नव्हती. आणि संपादकबाईने त्यातलं एकूण एक वाक्य स्वतःच्या हाताने उडवलं होतं. तिने बाटलीतलं पाणी प्यायलं, कागद उलटा ठेवला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुलटा केला.

मग तिने उरलेली एक्केचाळीस मुलं काढली. संध्याकाळपर्यंत ती जागची हलली नाही. शिपायाने दोनदा चहा आणून ठेवला आणि दोन्ही वेळा गार झालेला परत नेला. मावशी दर घरी मशीन मुठीत धरून बघायची. चालू मशीन मुठीत धरलं की शिट्टी मारतं, बंद असलं की गप्प राहतं, हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि ती ते इमानेइतबारे करत होती. शेवटच्या भेटीत मुठीत आवाज आलेली मुलं तेरा होती. अडतीस नाही, तेरा. आणि शिट्टीच्या तक्रारी कमी झाल्या होत्या, कारण मेलेलं मशीन शिट्टी वाजवत नाही. तिच्या हिरव्या रेषेचं रहस्य एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती मावशीबरोबर वस्तीत गेली. दीड वर्षांत पहिल्यांदा. मावशीला फार आनंद झाला. बसमध्ये तिने खिडकीची जागा दिली आणि कुठल्या वळणावर डोकं आत घ्यायचं तेही सांगितलं.

शिंप्याचं घर म्हणजे एकच खोली होती. पुढे शिलाई मशीन, मागे संसार, मध्ये पडदा. ठमी जमिनीवर चिंध्यांचे ढीग लावत बसली होती. लाल एकीकडे, निळ्या एकीकडे, आणि कशातच न बसणाऱ्या मांडीवर. तिच्या दोन्ही कानांमागे गुलाबी मशीनं होती. संपादकबाईने तिला हाक मारली. एकदा, दोनदा, मग मोठ्याने. ठमीने मान वर केली नाही. आईने तिच्या खांद्याला बोट लावलं तेव्हा ती वळली आणि पाहुणी बघून लाजली.

मावशीने सवयीने एक मशीन काढून मुठीत धरलं आणि मूठ संपादकबाईच्या कानाजवळ नेली. काहीही ऐकू आलं नाही. शिंपी तेवढ्यात शिलाई थांबवून बघत होता, त्यामुळे खोलीत फारच शांतता होती.

ठमीच्या आईने फळीवरचा डबा काढून दाखवला. त्यात वापरलेले सेल होते, मसुराच्या दाण्याएवढे, एकूण एक जपून ठेवलेले. शेवटचं पाकीट पुरवायचं म्हणून तिने काय काय केलं होतं. रोज दोनच तास लावायचं, मग सेल काढून त्याच्यावरचा कागद पुन्हा चिकटवायचा. त्याने काही होत नाही, एकदा कागद काढला की सेल आपोआप उतरत जातो, हे तिला नंतर कळलं. घड्याळवाल्याकडेही ती जाऊन आली. त्याच्याकडचे सेल दिसायला तसेच होते, पण बसले नाहीत.

“शहरात मिळतात म्हणे,” ती म्हणाली. “हे जाऊन आणणार होते, तेव्हाच. पण मावशी म्हणाल्या, ऑफिसला कळवलंय, येतीलच. मग म्हटलं येतील. दर महिन्याला विचारते मी. दर महिन्याला म्हणतात, कळवलंय.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं संपादकबाईला वाटलं. दर महिन्याच्या ‘कळवलंय’ या एका शब्दावर हे घर थांबलं होतं, नाहीतर बापाने एका खेपेत पाकिटं आणली असती. ‘कळवलंय’ असं ज्यांना कुणी सांगितलंच नसतं, ते तिच्यापेक्षा सुखी असते. आणि आई दर भेटीला रिकामं मशीन लावून ठेवायची, कारण मशीन लावलेलं दिसलं नाही तर संस्था ते काढून घेईल, असं शेजारच्या जावेने तिच्या डोक्यात भरवलं होतं.

बाहेर पडल्यावर स्टॉपवर संपादकबाईने मावशीला विचारलं की तुम्ही हे मला तोंडी का नाही सांगितलंत. मावशीने तिच्याकडे बघितलं. मासिक बैठकीत सांगितलं होतं की, ती म्हणाली, सेल संपलेत म्हणून. साहेब म्हणाले होते, तोंडी नको, लिहून कळवत जा.

“मी लिहिलं,” मावशी म्हणाली. “दर वेळी लिहिलं. तुम्ही वाचता हे मला माहीत होतं. एकदा मी तारीख चुकवली तर तुमचा लगेच फोन आला होता. मग म्हटलं, यांना कळलंय. सेल येत नाहीत म्हणजे काहीतरी कारण असणार. तुम्ही शिकलेली माणसं.”

“पण ‘वाटतं’ कशाला लिहायचात? तुम्हाला तर माहीत होतं.”

“मी काय डॉक्टर आहे?” मावशी म्हणाली. “सेल गेलाय की मशीनच बिघडलंय, मी कशी ठामपणे सांगू? ते तुम्ही बघायचं.”

बस आली. मावशीने पुन्हा तिला खिडकी दिली. संपादकबाई सगळा रस्ता बाहेर बघत राहिली, कारण आत बघायची तिला लाज वाटत होती.

बुधवारी तिने साहेबांसमोर दोन कागद ठेवले, एकावर अडतीस आणि एकावर तेरा. साहेब वाईट माणूस नव्हते. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला, आणि त्यांनी आधी कोठार बघणाऱ्याला बोलावून सेलचं विचारलं. तो म्हणाला की सेल पहिल्या वर्षीच्या मंजुरीत मशीनबरोबर आले होते, पुढे मागणी कुणी नोंदवलीच नाही, मागणी नाही तर तो मागवणार कसा. तो गेल्यावर साहेब बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिले. मग म्हणाले की अहवालात तसा खोटा एकही आकडा नाही. मशीन कानात होतं का, होतं. आपण चालू होतं असं कुठे म्हटलंय? सेल आपण गुपचूप मागवू, वर्गणी काढू हवी तर. उद्याचा फोन एकदा नीट पार पडू दे.

ती म्हणाली की वर्गणीचे सेल दोन महिने पुरतील. घरभेटी थांबल्या की पुढे मूठ धरून बघणारंही कुणी राहणार नाही.

साहेबांनी ते मान्य केलं. ते मान्य करणारे होते, म्हणून तर त्यांचा राग धरणं कठीण जायचं. मग दुरुस्ती पाठवू, ते म्हणाले, पण दुरुस्तीला कारण द्यावं लागतं. त्यांनी कागद ओढला आणि स्वतःच्या अक्षरात एक वाक्य लिहून तिच्याकडे सरकवलं. ‘क्षेत्र कार्यकर्तीच्या अनौपचारिक व अपुऱ्या नोंदींमुळे आकडेवारीत त्रुटी राहिली आहे.’ मावशीचं नाव कुठे येत नाही, त्यांनी समजावलं. निधीवाल्यांना ती कोण ते माहीतही नाही. फार तर प्रशिक्षण द्या म्हणतील. उलट संस्थेच्या अहवाल-लेखनात खोट निघाली, तर आजवरचे सगळेच अहवाल उघडतील. मग सेलही नाहीत, भेटीही नाहीत, काहीच नाही. विचार करा बाई, मुलांसाठीच सांगतोय.

संपादकबाईने ते वाक्य वाचलं. वाक्य उत्तम होतं. तिनेच लिहिल्यासारखं होतं, आणि तीच त्यातली भयंकर गोष्ट होती. तो कागद घेऊन ती आपल्या टेबलाशी आली.

तिला भीती वाटत होती, ते लपवण्यात अर्थ नाही. तिचा करार संपायला दोन महिने होते. नवऱ्याचं काम तीन दिवस असायचं आणि चार दिवस नसायचं. शिवाय साहेब म्हणत होते तेही अगदीच खोटं नव्हतं. पत्र वाचून निधीवाले उठून गेले, तर बेचाळीस मुलांच्या तोंडचं तिच्या प्रामाणिकपणाने काढून घेतलं, असं होणार. तिने दोनदा साहेबांचं वाक्य टाइप केलं आणि दोनदा खोडलं. कारण ते वाक्य गेलं की पुढे काय होईल ते तिला स्पष्ट दिसत होतं. मावशीला फॉर्म देतील. फॉर्मवर खुणा करायच्या चौकोन असतील. मावशी निमूटपणे खुणा करील, आणि ठमी आईला हाताने ओढते हे लिहायला त्या फॉर्मवर जागा नसेल. त्या मुलांच्या बाजूने बोलणारं एकच तोंड होतं, ते आपल्या हाताने कायमचं बंद करायचं, तेही अपुरं म्हणून.

शेवटी तिने पत्र लिहिलं ते साधं होतं. अडतीस मुलांच्या कानात मशीन होतं, त्यांतली तेराच चालू आढळली. तक्रारी घटल्या त्या मशीनं बंद पडल्याने. आमच्या कार्यकर्तीने सात महिने हे दर भेटीनंतर लेखी कळवलं होतं. तिच्या नोंदी पुऱ्या आणि बरोबर होत्या. तिने ‘वाटतं’ असं लिहिलं म्हणून मी ती वाक्यं अंदाज समजून अहवालातून वगळली. चूक माझी आहे. सोबत तिने तक्ता नाही, आलेख नाही, ठमीचे मेसेज जोडले, पूर्णविराम न घालता, आत्याच्या लग्नासकट. यशोगाथेच्या जागी हे वाचावं, अशी विनंती केली. ते तिने साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले की मी यावर सही करणार नाही, आणि अडवणारही नाही. पत्र तिच्या एकटीच्या सहीने गेलं.

गुरुवारचा फोन अकराला होता. निधीच्या बाई पहिली दोन मिनिटं नुसते कागद उलटत होत्या. मग त्यांनी विचारलं की ठमी आता किती शब्द बोलते. साहेबांनी संपादकबाईकडे बघितलं. ती म्हणाली, दोन. आधी अकरा होते. ते येतील का परत, बाईंनी विचारलं. कानाच्या डॉक्टरांना विचारून घेतलं होतं, तेच तिने सांगितलं. येतील, पण पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि या वयातले सात महिने मोठ्या माणसाच्या सात महिन्यांसारखे नसतात.

निधीने काय ठरवलं ते धड चांगलं नव्हतं आणि धड वाईट नव्हतं. नवी वस्ती रद्द झाली. इथल्या भेटी आणखी एक वर्ष चालू राहतील, सेल लगेच मंजूर. मागचे सगळे अहवाल बाहेरचा माणूस येऊन तपासेल, आणि तोवर अहवाल-लेखन संपादकबाईकडे नको. फोन ठेवल्यावर साहेब आपल्या खोलीत गेले. ऑफिसात बातमी पसरायला दुपार लागली नाही. नवी वस्ती हातची घालवली म्हणून दोघांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मावशीने मात्र पिशवीतून संत्रं काढून अर्धं तिच्यापुढे ठेवलं आणि आपण कुणाचं वाईट केलं का, असं विचारलं. संपादकबाईने संत्र्याची फोड तोंडात घातली.

सेल आठ दिवसांनी आले. पहिल्या दिवशी ती मावशीबरोबर गेली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. ठमीच्या आईला तिने चौकटीत उभं राहूनच सगळं सांगितलं. मावशींनी दर वेळी कळवलं होतं, ते मी वाचलं आणि मीच गाळलं. तुम्ही थांबलात ते माझ्यामुळे. आईने ऐकून घेतलं. शिंप्याने शिलाई मशीनवरचा पाय काढला.

मावशीने सेल बसवले, मुठीत धरून बघितलं. बारीक, तीक्ष्ण शिट्टी वाजली. मग मशीन ठमीच्या कानात घातलं. शिंप्याच्या हातून कात्री फळीवर ठेवली गेली आणि ठमी दचकून अशी किंचाळली की तिच्या मांडीवरच्या चिंध्या उडाल्या. तिने दोन्ही मशीनं उपटली, फेकली आणि पडद्यामागे जाऊन रडत बसली. तिला आवाज आठवत नव्हता. मावशीने मशीनं उचलून पुसली आणि म्हणाली की आजचं एवढंच, उद्यापासून दहा-दहा मिनिटं. दीड वर्षापूर्वी पहिल्या दिवशीही ती हेच म्हणाली असणार.

ठमीची आई थोडा वेळ पडद्याकडे बघत उभी राहिली. मग तिने फळीवरचा आपला फोन घेतला आणि संपादकबाईसमोर येऊन उभी राहिली.

“ताई, तुमचा नंबर सांगा,” ती म्हणाली. “ऑफिसचा नको. तुमचा.”

संपादकबाईने सांगितला. आईने एकेक आकडा दाबला, पुन्हा एकदा वाचून खात्री केली, आणि फोन कानाला लावून, तिच्या तोंडाकडे बघत, तिच्या पर्समधल्या फोनची घंटा वाजेपर्यंत तशीच उभी राहिली.